कंसाने भागू नका

शाळेत आपण x ची किंमत शोधतो. मी जो विषय शिकवते, त्यात x ला किंमत नसते, त्याला काम नेमून दिलेलं असतं. सपाट कागदावर एक आरंभबिंदू ठरवा. तिथून निघणारे बाण म्हणजे आपले सदिश. कोणताही बाण v घेऊन त्याला डावीकडे ९० अंशांनी फिरवायचं, हे x चं काम. मग xv म्हणजे एकदा फिरवलेला बाण आणि x²v म्हणजे दोनदा फिरवलेला. दोनदा फिरवल्यावर बाण नेमका उलटा होतो, म्हणून x²v = −v. याचाच अर्थ (x² + 1)v = 0, आणि हे कागदावरच्या प्रत्येक बाणाला लागू आहे. x² + 1 या बहुपदीला वास्तव संख्यांमध्ये मूळ नाही, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. इथे मात्र तीच बहुपदी अख्ख्या प्रतलाला शून्य करून टाकते.

दोन बाणांची आधी बेरीज करून मग फिरवलं काय, किंवा आधी फिरवून मग बेरीज केली काय, उत्तर एकच येतं. तिप्पट करण्याचंही तसंच. हे दोन नियम पाळणाऱ्या क्रियेला रेषीय ऑपरेटर म्हणतात. असा कुठलाही ऑपरेटर T घ्या आणि एवढंच ठरवा:

x·v = T(v)

आता सदिशांना नुसत्या संख्यांनीच नव्हे, तर बहुपदींनीही गुणता येतं. x² − 3x + 2 ने गुणणं म्हणजे T दोनदा लावा, त्यातून T(v) ची तिप्पट वजा करा आणि v ची दुप्पट मिळवा. कंस सोडवण्याचे नेहमीचे नियम चालू राहतात. सदिश अवकाशाचं असं रूप झालं की आम्ही त्याला बहुपदींच्या वलयावरचं, म्हणजे F[x] वरचं मॉड्यूल म्हणतो. F म्हणजे ज्या संख्यांनी आपण गुणतो त्यांचं क्षेत्र: वास्तव संख्या, परिमेय संख्या, काहीही. उलट दिशेनेही जाता येतं. कोणी F[x] वरचं मॉड्यूल हातात दिलं, तर त्यातल्या साध्या संख्यांच्या गुणाकारातून सदिश अवकाश मिळतो आणि x च्या गुणाकारातून ऑपरेटर मिळतो. या जाण्यायेण्यात काही हरवत नाही आणि नवीन काही शिरतही नाही.

मग नुसतं नाव बदलून काय साधलं, असा प्रश्न माझे विद्यार्थी विचारतात, आणि तो रास्त आहे. उत्तर एका उदाहरणातून द्यावं हे बरं. समजा तीन पायाभूत सदिश आहेत e₁, e₂, e₃ आणि T त्यांचं असं करतो:

T(e₁) = 3e₁ + e₂ + e₃
T(e₂) = e₁ + 3e₂ + e₃
T(e₃) = −2e₁ − 2e₂

हा आकड्यांचा ३ × ३ मॅट्रिक्सच आहे, फक्त त्याचे स्तंभ सुटे करून लिहिले आहेत. हा T मुळात करतो तरी काय, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. नेहमीची वाट म्हणजे निश्चयक काढा, त्रिघाती समीकरण सोडवा, आयगेनव्हॅल्यू शोधा, मग आयगेनव्हेक्टर शोधा, आणि ते कमी पडले की डोक्याला हात लावा. मॉड्यूलच्या वाटेने निश्चयक लागतच नाही. डावीकडे T च्या जागी x लिहा आणि या तीन ओळींना तीन घटकांमधली समीकरणं समजा. पहिलं म्हणतं xe₁ = 3e₁ + e₂ + e₃, म्हणजे

e₃ = (x − 3)e₁ − e₂

e₃ चं काम संपलं. तो बाकीच्या दोघांतून तयार होतो, म्हणून त्याला यादीतून काढून टाकू. दुसऱ्या समीकरणात ही किंमत घातली की xe₂ = e₁ + 3e₂ + (x − 3)e₁ − e₂ मिळतं. आवराआवर केल्यावर राहतं

(x − 2)e₂ = (x − 2)e₁

तिसऱ्यात तीच किंमत घातली की (x² − 3x + 2)e₁ = (x − 2)e₂ येतं. डावीकडच्या बहुपदीचे अवयव (x − 1)(x − 2), आणि उजवी बाजू तर आत्ताच (x − 2)e₁ निघाली. वजाबाकी केली की उरतं

(x − 2)²e₁ = 0

आता w = e₂ − e₁ असं लिहिलं तर सगळी कहाणी दोन ओळींत येते: (x − 2)w = 0 आणि (x − 2)²e₁ = 0. T ची भाषा परत आणून वाचा. w वर T लावला की त्याची फक्त दुप्पट होते. e₁ ची तशी दुप्पट होत नाही. दुप्पट वजा करून जे उरतं, म्हणजे (x − 2)e₁, ते आहे e₁ + e₂ + e₃, आणि त्याची मात्र नेमकी दुप्पट होते. पडताळा बघायचा तर सुरुवातीच्या तिन्ही ओळींची बेरीज करा, उजवीकडे 2e₁ + 2e₂ + 2e₃ मिळेल. म्हणजे हा ऑपरेटर दोन स्वतंत्र तुकड्यांचा आहे, एक १ मितीचा आणि एक २ मितींचा. दुसरा तुकडा आणखी फोडता येत नाही, म्हणून या मॅट्रिक्सचं विकर्णीकरण अशक्य आहे. जॉर्डन रूप म्हणतात ते हेच. कामीय जॉर्डन यांनी ते १८७० च्या आपल्या ग्रंथात मांडलं.

या आकडेमोडीत एक जागा निसरडी आहे. (x − 2)e₂ = (x − 2)e₁ हे समीकरण समोर आलं की हात आपोआप पुढे जातो आणि दोन्ही बाजूंचा (x − 2) उडवून e₂ = e₁ लिहून मोकळा होतो. पण e₁ आणि e₂ हे वेगळे सदिश आहेत, आपणच ते तसे घेतले होते. बहुपदींच्या वलयात (x − 2) ला व्यस्त नाही, तेव्हा भागायची परवानगी नाही. मी तर म्हणेन की या विषयातलं सगळं मर्म या मनाईत आहे. क्षणभर भागाकाराला परवानगी देऊन बघा. (x − 2)²e₁ = 0 ला दोनदा भागलं की e₁ = 0, पाठोपाठ w = 0, आणि तीन मितींचा पूर्ण अवकाश नाहीसा! ऑपरेटरची सगळी माहिती त्या न उडवता येणाऱ्या कंसांत साठवलेली असते. घड्याळाच्या तबकडीवर असंच घडतं: १२ तास पुढे गेलं की काटा जागच्या जागी येतो, म्हणून तिथे १२ चं वजन शून्य असतं, पण त्यावरून १ तासही शून्य आहे असं कोणी म्हणत नाही.

घड्याळाची ही तुलना नुसती सोयीची नाही. पूर्णांकांच्या मॅट्रिक्सवर नेमकी अशीच घटक काढून टाकण्याची पद्धत हेन्री स्मिथ यांनी १८६१ मध्ये दिली होती. पूर्णांक आणि एका चलाच्या बहुपदी या दोन्हीकडे बाकी ठेवून भागाकार करता येतो, आणि आवराआवरीला तेवढंच पुरतं. सांत आबेलियन गटांचं वर्गीकरण आणि मॅट्रिक्सचं वर्गीकरण ही एकाच प्रमेयाची दोन रूपं आहेत, ही गोष्ट दोघांकडे मॉड्यूल म्हणून पाहिल्यावरच दिसते.

पद्धतीचा निकाल असा लागतो: कितीही मोठा मॅट्रिक्स असो, शेवटी d₁, d₂, … अशा बहुपदींची एक साखळी उरते आणि तीत प्रत्येक बहुपदी पुढचीला निःशेष भागते. आपल्या उदाहरणात ती x − 2 आणि (x − 2)² अशी आहे. दोन मॅट्रिक्स म्हणजे वेगळ्या पायात लिहिलेला एकच ऑपरेटर आहे का, या प्रश्नाला उत्तर एकच: साखळ्या जुळतात का बघा. याहून कमी माहितीवर भागत नाही. चार मितींत x ने दोन जोड्या सरकवल्या (a→b→0, c→d→0), किंवा एकच जोडी सरकवली आणि उरलेल्या दोघांना थेट शून्य केलं, तर दोन्हीकडे T² = 0 आणि दोन्हीकडे वैशिष्ट्य बहुपदी x⁴. परीक्षेत पुष्कळजण इथे “दोन्ही समरूप” असं लिहून गुण घालवतात. पहिल्याची साखळी x², x² अशी आहे आणि दुसऱ्याची x, x, x². दोन वेगळे ऑपरेटर.

याच्याच जोडीने एक निकाल जवळजवळ फुकट मिळतो, आणि तो मला अजूनही आवडतो. कोणताही चौरस मॅट्रिक्स आपल्या परिवर्त मॅट्रिक्सशी, म्हणजे ओळी आणि स्तंभ अदलाबदल केलेल्या रूपाशी, समरूप असतो. थेट सिद्ध करायला बसलं तर पायाबदल करणारा मॅट्रिक्स हाताने शोधताना दमछाक होते. पण साखळी काढताना आपण ओळी आणि स्तंभ दोन्हींवर क्रिया करत असतो आणि दोघांना सारखेच हक्क आहेत. अदलाबदलीने साखळी बदलत नाही. संपलं.

मर्यादाही सांगायला हव्यात. ही पद्धत अचूक आकड्यांसाठी आहे, दशांशात मोजलेल्यांसाठी नाही. T(a) = b, T(b) = 0 या ऑपरेटरची साखळी फक्त x². मोजमापात किंचित चूक होऊन T(b) = 0.00000001·a झालं, की बहुपदी x² − 0.00000001 होते, तिची मुळं ±0.0001, आणि न फुटणारा तुकडा फुटतो. चूक दहा कोटींत एक, मुळं हलली दहा हजारांत एक. म्हणून संगणकावर दशांशी आकड्यांचं जॉर्डन रूप मागितलं, तर आलेल्या उत्तरावर विसंबू नये.

अनंत मितींत दुसरी अडचण येते. सगळ्या बहुपदींच्या अवकाशावर x ला विकलन करायचं काम द्या. कुठलीही एक बहुपदी पुरेशा वेळा विकलन केल्यावर शून्य होते, पण सगळ्यांना एकदम शून्य करणारा एकही घात नाही. साखळी सुरूच होत नाही.

आणि तिसरी भिंत सर्वांत मोठी. एकाऐवजी दोन ऑपरेटर घ्या, एकमेकांशी क्रमनिरपेक्ष. एकाला x म्हणा, दुसऱ्याला y. मॉड्यूल आता F[x, y] वरचं झालं. व्याख्येत काहीच बदललं नाही, पण दोन चलांच्या बहुपदींत बाकी ठेवून भागाकार करण्याची सोय नाही, आणि यादी कायमची तुटली. गेल्फांड आणि पोनोमार्येव यांनी १९६९ मध्ये दाखवलं की अशा जोड्यांचं वर्गीकरण जमलं, तर कितीही मॅट्रिक्सच्या कुठल्याही संचाचं वर्गीकरण त्यात सामावलेलं निघेल. एका x साठी कागद-पेन्सिल पुरते, दोघांसाठी तशी यादीच बनवता येत नाही.

वाचकांनी पेन्सिल उचलायची असेल, तर एक सोपं उदाहरण देते. T प्रत्येक पायाभूत सदिशाला e₁ + e₂ + e₃ वर नेतो. e₃ काढून टाका, e₂ − e₁ ला w म्हणा, आणि कुठल्याही कंसाने भागू नका. साखळी x आणि x(x − 3) अशी येईल, म्हणजे विकर्णीकरण जमतं. मग तेच गणित ३ ने भागून उरणाऱ्या बाकीच्या अंकगणितात, जिथे ३ म्हणजे शून्य, पुन्हा करा. x(x − 3) चं x² होईल, आणि तिथे त्याच मॅट्रिक्सचं विकर्णीकरण होणार नाही.