साइन ऑफची तारीख

मगरिबची नमाज झाली की आमच्या मोहल्ल्यात स्कूटरींचे आवाज सुरू होतात. कुणी बाजारातून परततो, कुणी बँकेतून, कुणी रिक्षा लावून येतो. प्रत्येक घराला आपल्या माणसाच्या गाडीचा आवाज ओळखता येतो. आमच्या अंगणात थोरल्या दिरांची स्कूटर थांबते, जाऊबाई चहाचं आधण ठेवायला उठतात आणि आम्ही मुलांच्या वह्या पुढे ओढतो. दिवसातली हीच वेळ आम्हाला जड जाते. रात्र त्या मानाने सोपी असते, कारण तेव्हा सगळेच झोपलेले असतात.

आमच्या खाडीकाठच्या गावात जहाजावर माणूस असलेली घरं बरीच आहेत. सासऱ्यांच्या पिढीतली माणसं मुंबईहून हाजींना घेऊन जाणाऱ्या मोगल लाइनच्या जहाजांवर होती, आताची मुलं परदेशी कंपन्यांच्या मालवाहू जहाजांवर जातात. आमचे हे एबी आहेत, म्हणजे डेकवरचे अनुभवी खलाशी. पहाटे चार ते आठ आणि संध्याकाळी चार ते आठ असा त्यांचा पहारा असतो. त्यांच्या करारावर नऊ महिने लिहिलेलं असतं आणि पुढे बारीक अक्षरांत ‘एक महिना कमी-अधिक’. लग्न झालं तेव्हा ही बारीक अक्षरं आम्हाला कुणी वाचून दाखवली नव्हती.

लोकांना वाटतं, नवरा लांब असला की बाईला त्याची आठवण येते, तोच एकटेपणा. आठवण तर येतेच. पण आमच्या मोहल्ल्यातल्या जहाजवाल्यांच्या बायका एकत्र बसल्या की बोलणं निराळंच निघतं. गॅस संपला, मुलाची फी भरली, सासूबाईंचा बीपी वाढला, छपराचं कौल फुटलं, हे सगळं आम्ही निभावतो. त्रास होतो तो निभावून झाल्यावर. ‘आज असं असं झालं’ हे त्याच दिवशी सांगायला माणूस नसतो. आणि भरलेल्या घरात हे बोलायची सोय नसते. एकीने कधी तोंडातून काढलं तर उत्तर मिळालं, “बाबी, दर महिन्याला पैसे येतात, घरात माणसं आहेत, तुला कमी काय?” मग ती गप्प बसली. ईदला नवा जोडा घातला तरी विचारणारी असतेच, “कुणासाठी गं?” हसण्यावारी नेतो, पण पुढच्या वेळी जोडा कपाटातच राहतो.

पूर्वी पत्र यायचं ते सासऱ्यांच्या नावावर. ते चारचौघांत वाचलं जायचं आणि बायकोसाठी शेवटी एक ओळ असायची, मुलांकडे लक्ष द्या. आमच्या सासूबाईंनी अशा ओळींवर एकोणीस वर्षं काढली. आता फोन आहे, त्यामुळे तुम्ही सुखी, असं त्या म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. ब्राझीलहून कच्चं लोखंड घेऊन जहाज चीनला निघालं की चाळीस-पंचेचाळीस दिवस किनारा नसतो. ब्राझीलचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, चीनचं अडीच तास पुढे, आणि वाटेत जहाजाचं घड्याळ सरकत राहतं. आज दुपारी येणारा फोन पंधरा दिवसांनी सकाळी येतो, नेमका आमचा पहिला तास सुरू असताना. जहाजावर इंटरनेट असतं, पण ते मोजून मिळतं. खलाशांना घराशी बोलता येईल अशी सोय जहाजावर असावी, हे आंतरराष्ट्रीय नियमांत डिसेंबर 2024पासून आणखी स्पष्ट झालं आहे, तरी कंपनीकंपनीत फरक राहतोच. दहा मिनिटांच्या फोनमध्ये चार मिनिटं ‘ऐकू येतंय का’ यात जातात. उरलेल्या सहा मिनिटांत कुणी रडगाणं गाईल का? ते म्हणतात, सगळं ठीक. आम्ही म्हणतो, इथंही सगळं ठीक, अल्हम्दुलिल्लाह.

या ‘सगळं ठीक’नेच आमच्या घरात एकदा मोठी गडबड केली.

आमचा धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा होता. काजूच्या झाडावरून पडला आणि कोपराच्या वरचं हाड मोडलं. शेजारच्या खालाबी आणि आम्ही त्याला रिक्षात घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून जिल्ह्याला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, हाड जागेवर आणून तारा घालाव्या लागतील, भूल द्यावी लागेल, इथं सही करा. बोटं गार पडली नाहीत ना, हे ते पुन्हा पुन्हा पाहत होते. या ठिकाणच्या मोडीत हाताचा रक्तपुरवठा दबण्याची भीती असते, असं त्यांनी समजावलं. दीर मुंबईला होते. सही आम्हीच केली. रात्री दहाला मुलगा बाहेर आला, बोटं हलवत होता, तेव्हा कुठं खालाबींनी आणलेली भाकरी आम्ही दोघींनी खाल्ली.

यांचं जहाज तेव्हा हिंदी महासागरात होतं. सांगून उपयोग काय, पहाऱ्यावर लक्ष उडेल, दोरखंड-विंचवर काम करणारा माणूस, एखादा अपघात व्हायचा, असा विचार करून आम्ही गप्प राहिलो. घरातल्या सगळ्यांनाही बजावलं. दोन फोन आले. “धाकटा कुठं आहे?” “खेळायला गेलाय.” आठव्या दिवशी चुलतदिराने ‘आता हात कसा आहे’ असा निरोप यांनाच पाठवला. त्यानंतर अकरा दिवस फोन आला नाही. नेट नव्हतं असं नाही, कारण त्याच जहाजावरचा आमच्या गावचा मुलगा रोज घरी बोलत होता.

आम्हाला राग आला. एवढं सगळं एकटीने केलं आणि वर रुसवा! शेवटी फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मी त्या घरात फक्त पैसे पाठवायला आहे का?” मग आमच्या लक्षात आलं की आम्ही त्यांना काळजीतून वाचवलं नव्हतं, घराबाहेर काढलं होतं. आणि तेही आमच्याशी तेच करत आले होते. त्याच वर्षी जहाजावर एका माणसाचा हात विंचमध्ये सापडला होता, ते आम्हाला कळलं ते घरी आल्यावर, जेवताना, सहज.

त्या सुट्टीत आम्ही एक गोष्ट ठरवली. काहीही झालं तरी त्याच दिवशी लेखी निरोप जाईल आणि त्यात तीनच गोष्टी असतील: काय झालं, आम्ही काय केलं, आणि तुम्ही काय करायचं. तिसरी गोष्ट रिकामी ठेवायची नाही. मुलाला ताप आला तर ‘उद्या त्याच्यासाठी आवाज रेकॉर्ड करून पाठवा’. विहिरीचा पंप जळला तर ‘गेल्या वेळी कोणत्या दुकानातून घेतला ते कळवा’. काम छोटंच असतं, पण माणूस घरात राहतो. तिकडूनही तसंच यायला लागलं. ‘समुद्र खराब आहे, तीन दिवस झोप नाही, दुआ करा.’ असा पहिला निरोप वाचला त्या रात्री काळजी वाटली, पण एकटं वाटलं नाही.

घरी परतण्याबद्दल कुणी काही सांगत नाही. पहिले पंधरा दिवस नवरा पाहुणा असतो. सोळाव्या दिवशी तो डबे उघडून पाहतो, साखर इथं का, वीजबिल इतकं का, मुलगा अजून झोपला कसा नाही! मुलाला ते “जा खेळायला” म्हणतात आणि मुलगा आमच्याकडे पाहतो, जाऊ का म्हणून. त्यांचा चेहरा उतरतो. आम्हालाही दिवा चालू ठेवून झोपायची सवय लागलेली असते, त्यावरूनही एकदा वाद झाला. (दिवा आता पलीकडच्या खोलीत चालू असतो, दार अर्धं उघडं.) जरा बसायला लागतं तोवर कंपनीचा फोन येतो, वैद्यकीय तपासणीला या.

हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दलची एक रिवायत आम्ही लहानपणापासून ऐकलेली. रात्री मदिनेत फिरताना त्यांना एका घरातून बाईचा आवाज ऐकू आला. नवरा मोहिमेवर गेलेला आणि ती त्याच्या विरहात काव्य म्हणत होती. त्यांनी आपली मुलगी हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारलं, बाई नवऱ्याशिवाय किती काळ धीर धरू शकते? काही रिवायतींत उत्तर चार महिने आहे, काहींत सहा. मग सैनिकांना त्याहून जास्त काळ घरापासून दूर ठेवू नये असा हुकूम निघाला. आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक तरुण मुलगी म्हणाली, “खालाजान, त्यांनी विचारलं तरी!” तिचं लग्न होऊन सात महिने झालेत, त्यातले पाच नवरा जहाजावर.

तिच्याकडे आमचं लक्ष आहे. जेवण कमी झालं होतं, फजरपर्यंत जागी राहायची, बोलता बोलता मध्येच थांबायची. दोन-तीन दिवस असं आम्हा सगळ्यांचं होतं, विशेषतः जहाज निघाल्यावर आणि ईदनंतर. पण तिचं तीन आठवडे चाललं. तेव्हा हे नुसती आठवण म्हणून सोडून देण्यासारखं नाही, असं आम्ही तिच्या सासूला समजावलं. आधी त्या दम करून आणा म्हणत होत्या. आम्ही म्हटलं, तेही करा, डॉक्टरही दाखवा. सरकारची टेली-मानस ही मोफत फोनसेवा आहे, 14416, तिथं मराठीत बोलता येतं. तिने पहिला फोन आमच्या स्वयंपाकघरात बसून केला. आम्ही बाहेर मुलांना पाढे म्हणायला बसवलं होतं, आवाज आत जाऊ नये म्हणून. आता ती जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा जाते. झोप सुधारली आहे. नवऱ्याला सांगायला ती घाबरत होती, शेवटी तिने आमचा तीन ओळींचा निरोपच वापरला. तिसऱ्या ओळीत तिने लिहिलं, ‘रोज एक फोटो पाठवा, समुद्राचा नको, तुमचा.’

सर्वात अवघड काय, असं कुणी विचारलं तर आम्ही साइन ऑफची तारीख म्हणू. नऊ महिने संपत आले की तारीख येते. बदली माणूस अमुक बंदरात चढणार, हे उतरणार. घर झाडून घेतो, पडदे धुतो, मुलं कॅलेंडरवर फुल्या मारतात. मग बंदर बदलतं, किंवा बदली माणसाचा व्हिसा अडकतो. तारीख पंधरा दिवस पुढे, पुन्हा दहा दिवस पुढे. 2020मध्ये कोरोनाने बंदरं बंद झाली तेव्हा जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. आमच्यातल्या एकीचा नवरा चौदाव्या महिन्यात घरी आला आणि त्याच्या धाकटीने त्याला ‘अंकल’ म्हटलं. नऊ महिने निघतात, कारण ते नऊच असतात. वाढलेले पंधरा दिवस निघत नाहीत.

यांचा आता नववा महिना चालू आहे. काल निरोप आला: ‘सिंगापूरला उतरायचं ठरत आहे. रिलीव्हरचं तिकीट झालेलं नाही. तुम्ही धाकट्याला अजून सांगू नका.’ आम्ही उत्तर दिलं, तो मोठा झालाय, त्याला सांगितलं आहे, आणि तारीख पेन्सिलने लिहिली आहे. नारळाच्या वड्यांसाठी नारळ आणून ठेवलेत. फोडले नाहीत.