रुमालांची मोजदाद

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि गावभागातील आमच्या थोरल्या पातीच्या घरात कपाटाच्या खालच्या खणात ठेवलेले घराण्याचे दप्तर त्या गढूळ पाण्यात भिजले. रुमालात बांधलेली ती मोडी आणि बाळबोध कागदपत्रे, इनामासंबंधीचे अर्ज, खरेदीखते, गहाणखते, फेरफाराच्या नकला व त्यांसोबतचे फोटो वाळवून पुढे आमच्या साताऱ्याच्या घरी आणण्यात आले, तेव्हा या सर्वांच्या संगणकीय प्रती कराव्यात, त्यांतील एक सांगलीस व एक साताऱ्यास राहावी, असे दोन्ही घरांनी एकमताने ठरविले. स्कॅनर एका स्नेह्यांकडून मिळणार होता आणि त्याची काच मोठी असल्यामुळे फूलस्केप कागदही तीवर पूर्ण मावत असे. प्रश्न राहिला तो साठवणीच्या डिस्कचा. बाजारात चौकशी करता चार टेराबाइटची डिस्क घ्या, म्हणजे पुढे विचारच नको, असे सुचविण्यात आले. परंतु दोन घरांसाठी दोन डिस्का घ्यावयाच्या म्हणजे खर्च दुप्पट, तेव्हा आधी अंदाजपत्रक करावे असे मला वाटले.

हे गणित वस्तुतः प्राथमिक शाळेतील क्षेत्रफळाचे आहे. कागदाची लांबी व रुंदी इंचांत घ्यावी, प्रत्येकीस दर इंची बिंदूंच्या संख्येने गुणावे, आणि आलेल्या दोन संख्यांचा गुणाकार केला म्हणजे चित्रातील एकूण बिंदू मिळतात. मग प्रत्येक बिंदूस रंगाची नोंद ठेवण्यासाठी किती बाइट लागतात त्याने गुणावे. सामान्य रंगीत प्रतीस, म्हणजे २४ बिटांच्या प्रतीस, ३ बाइट लागतात, ४८ बिटांच्या प्रतीस ६, आणि केवळ करड्या छटांच्या प्रतीस १. आमचा फूलस्केप कागद साडेआठ इंच रुंद व साडेतेरा इंच लांब. तो ४०० डीपीआयवर घेतला असता ३४०० गुणिले ५४००, म्हणजे सुमारे १ कोटी ८४ लाख बिंदू होतात, आणि २४ बिटांनी त्याचे ५५ मेगाबाइट भरतात.

"काका, सगळंच बाराशेवर आणि अठ्ठेचाळीस बिटांवर घेऊ या ना, पुन्हा करायची वेळ येणार नाही," असे माझ्या पुतणीचे म्हणणे पडले. तिच्या म्हणण्यात तथ्य होते, कारण भिजलेला कागद वारंवार उलगडणे इष्ट नव्हे. म्हणून आम्ही दोघांनी ते गणितही मांडले. ४०० चे १२०० केले म्हणजे लांबी तिप्पट व रुंदीही तिप्पट, अर्थात बिंदू नऊपट. त्यावर रंगाची खोली दुप्पट, म्हणजे एकंदर अठरापट. एकेका पानाचे जवळजवळ १ गिगाबाइट होऊ लागले, आणि आमची पाने होती २०००. येथे पाने म्हणजे पृष्ठे, कागद नव्हेत. कारण जुन्या दस्तऐवजांच्या पाठीवर तारीख, शेरा, पोहोच असे काही ना काही लिहिलेले असते, आणि जो केवळ कागद मोजतो त्याचा अंदाज निम्म्यावर येतो. केवळ कागदांसाठीच २ टेराबाइट लागावेत, हा आकडा पाहून तीही थबकली.

मग ४०० पुरेसे कशावरून, हा प्रश्न आला. मोडीतील लेखणीची बारीक रेघ मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी धरली, तर ४०० डीपीआयवर तिच्या जाडीत तीन बिंदू येतात, आणि अक्षराचे वळण शाबूत राहते. प्रत्यक्ष एक कागद ३००, ४०० व १२०० वर घेऊन पडद्यावर शेजारी शेजारी ठेवला, तेव्हा १२०० वर अधिक दिसले ते कागदाचे तंतू. अक्षर अधिक वाचता आले नाही. रंगाच्या बाबतीत मात्र मी काटकसर करू दिली नाही. निव्वळ काळ्यापांढऱ्या, १ बिटाच्या प्रतीस जागा चोविसांश लागते, परंतु त्या प्रतीत पुराच्या पाण्याचा तपकिरी डाग आणि शाई ही दोन्ही सारखीच काळी होतात. रंगीत प्रतीतून लाल छटा तेवढी वेगळी काढली असता तो डाग फिका पडून काळे अक्षर वर येते, आणि आमच्या दप्तरात डाग नाही असा कागद क्वचितच होता.

फोटोंचा हिशेब याहून निराळा निघाला. पोस्टकार्डाच्या आकाराचे, साडेतीन बाय साडेपाच इंचांचे १२०० फोटो ६०० डीपीआयवर घेतले, तरी प्रत्येकी २१ मेगाबाइटच्या आतच, म्हणजे सर्व मिळून २५ गिगाबाइट होतात. त्यांतील सुमारे २०० फार विटलेले होते. विटलेल्या फोटोत काळे करडे होते आणि पांढरे पिवळे, त्यामुळे उपलब्ध २५६ छटांपैकी थोड्याच वापरल्या जातात, व पुढे त्या ताणून उजळ करू लागले की आकाशात व चेहऱ्यांवर पट्टे उमटतात. असे फोटो ४८ बिटांवर घेणेच श्रेयस्कर, आणि त्याचा वाढीव भार अवघा ४ गिगाबाइट. पुठ्ठ्यावर चिकटविलेले ६० जुने फोटो काचेच्या प्लेटवरून थेट उतरविलेले असल्याने भिंगाखाली त्यांत साडीच्या काठाची वीणसुद्धा दिसे. त्यांना मात्र १२०० डीपीआय व ४८ बिट दिले, आणि त्या साठांनीच १४ गिगाबाइट मागितले. सैल हाताने खर्च करावा तो लहान जिनसांवर, हे या हिशेबाने मला पटविले. फोटो जागा खातील असे सर्वांनी गृहीत धरले होते, परंतु १५४ गिगाबाइटच्या एकूण बेरजेत ११० कागदांचेच होते.

मूळ प्रती टिफ स्वरूपात ठेवावयाच्या हे ठरलेलेच होते, कारण जेपेग दर वेळी दुरुस्त करून जतन करताना थोडे गमावते. टिफ फायलीही न गमावता आकसता येतात, परंतु जुन्या कागदाच्या बारीक खरखरीमुळे ती बचत बेभरवशाची असते, आणि ४८ बिटांच्या चित्रात नेहमीच्या एलझेडडब्ल्यू पद्धतीने फाइल उलट मोठीही होऊ शकते. म्हणून अंदाजात ती बचत शून्य धरली. वाचण्यासाठी जेपेगच्या प्रती मूळच्या दशांशाने, म्हणजे १५ गिगाबाइट. पुन्हा घ्यावी लागणारी पाने आणि नातेवाइकांकडून येणारी भर यांसाठी या बेरजेच्या निम्मे आणखी जोडले, तेव्हा आकडा २५० च्या आसपास स्थिरावला. खोक्यावर ५०० गिगाबाइट लिहिलेली डिस्क संगणक ४६५ दाखवितो, कारण कारखानदार हजारांनी मोजतो व संगणक १०२४ ने. तो फरक धरूनही ५०० ची डिस्क दोन्ही घरांस पुरेशी होती.

पैसे देण्यापूर्वी मात्र थोडे फोटो घेऊन ताळा पाहिला, आणि एका पोस्टकार्डाच्या फोटोची फाइल २१ ऐवजी शंभराच्या वर भरली. गणितापेक्षा फाइल अशी अनेकपट मोठी आली, तर आधी चित्राचे मोजमाप पाहावे. स्कॅनरची चौकट फोटोपुरती न राहता सबंध ए४ एवढी पसरलेली होती, आणि आम्ही फोटोभोवतीचे रिकामे झाकणही जतन करीत होतो. चौकट आवळताच आकडा जुळला. नंतर कागदांचा पहिला रुमाल, ३०० पृष्ठांचा, पुरा झाला, तेव्हा त्याचे साडेसोळा गिगाबाइट भरले, आणि त्याच आठवड्यात आम्ही ५०० च्या दोन डिस्का मागविल्या.