रात्री नऊची वही

आमच्या घरी इंटरनेटची खरी गरज रात्रीच असते. साडेआठ ते दहा सनाचा अकाउंटन्सीचा ऑनलाइन वर्ग. तिचे अब्बा दोह्याला नोकरीला आहेत. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणून त्यांची ड्युटी सुटून ते खोलीवर येतात तेव्हा आपल्याकडे नऊ वाजलेले असतात. नेमक्या त्याच वेळी चित्र थिजायचे, आवाज तुटायचा. वर्गाची पूर्ण फी भरलेली होती आणि सरांचे निम्मे बोलणे सनाला ऐकूच येत नव्हते.

मी कंपनीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच, "मॅडम, तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे, राउटर बंद करून चालू करा." एकदा मुलगा घरी आला, आपल्या मोबाइलवर वेग मोजला, ९३ दाखवले आणि म्हणाला, "बघा, लाइन एकदम ओके आहे." आमची योजना १०० एमबीपीएसची, म्हणजे ९३ हा जवळजवळ पूर्ण वेग. तो खोटे बोलत नव्हता. पण तो आला होता सकाळी अकराला.

तोंडी भांडून काही होणार नाही, हे तेव्हा लक्षात आले. माझा भाऊ जुनैद पुण्यात नेटवर्कचे काम करतो. तो म्हणाला, "आपा, 'नेट स्लो आहे' याला त्यांच्याकडे ठरलेले उत्तर आहे. आकड्यांना नाही. दोन आठवडे वही ठेव." कशी ठेवायची तेही त्याने सांगितले.

पहिली गोष्ट, वायफाय मध्ये ठेवायचेच नाही. लॅपटॉप राउटरला लॅनच्या केबलने जोडायचा आणि तेवढ्या दोन मिनिटांपुरते घरातले सगळे मोबाइल व टीव्ही वायफायवरून काढायचे. असे केले की "तुमचे वायफाय" आणि "घरात कोणीतरी डाउनलोड करत असेल" ही दोन्ही उत्तरे आपोआप बाद होतात.

दुसरी गोष्ट वेळेची. रोज सकाळी साडेसहा, दुपारी दोन आणि रात्री नऊ. फक्त रात्रीचे आकडे दिले तर कंपनी म्हणते लाइनच खराब आहे, बदलून देतो. सकाळी त्याच तारेतून पूर्ण वेग येतो हे दिसले की तार, राउटर आणि लॅपटॉप तिन्ही ठीक आहेत हे सिद्ध होते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. वेग मोजणारे ॲप कुठल्या तरी सर्व्हरकडून माहिती मागवून वेग काढते. आपण काही निवडले नाही तर ते बहुधा जवळचा सर्व्हर घेते, आणि तो पुष्कळदा आपल्याच कंपनीचा असतो. ही मोजणी कंपनीच्या अंगणातल्या अंगणात होते. वर्ग आणि व्हिडिओ कॉल मात्र अंगणाबाहेरून येतात. म्हणून प्रत्येक वेळी दोन मोजण्या करायच्या, एक कंपनीच्या सर्व्हरवर आणि एक मुंबईतल्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. सर्व्हरची यादी ॲपमध्येच असते. निवडलेले दोन्ही सर्व्हर चौदा दिवस बदलायचे नाहीत.

वहीत तारीख, वेळ, सर्व्हर, डाउनलोड, अपलोड आणि पिंग असे रकाने आखले. पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. प्रत्येक मोजणीचा स्क्रीनशॉट घेतला, त्यात लॅपटॉपचे घड्याळ दिसेल असा. एका रात्री वीज नव्हती. त्या ओळीत "वीज नाही" एवढेच लिहिले.

चौदा दिवसांनी चित्र स्पष्ट झाले. सकाळी दोन्ही सर्व्हरवर ९० ते ९४. दुपारी थोडे कमी. रात्री नऊला कंपनीच्या सर्व्हरवर ९१ ते ९३, पण मुंबईच्या सर्व्हरवर ८ ते १५, आणि पिंग १२ वरून १३० च्या पुढे. अपलोड मात्र तिन्ही वेळी जवळपास सारखे.

याचा अर्थ जुनैदने समजावला. आमच्या घरापासून कंपनीच्या केंद्रापर्यंतचा रस्ता रिकामा आहे. तो भरलेला असता तर कंपनीचा सर्व्हरही रात्री मंद दिसला असता. अडचण आहे ती गावाबाहेर पडणाऱ्या सामाईक वाटेवर. संध्याकाळनंतर घरोघरी व्हिडिओ सुरू होतात, सगळे माहिती आत ओढतात, म्हणून डाउनलोडची बाजू तुंबते आणि अपलोडची मोकळी राहते. मुंबईचा सर्व्हरच रात्री मंद असेल तर? म्हणून शेजारच्या खालाजानकडे, ज्यांची लाइन वेगळ्या कंपनीची आहे, तीन रात्री नऊला त्याच सर्व्हरवर मोजले. तिथे ८० च्या वर आले.

मग पत्र लिहिले. त्यात राग, टोमणे, "आम्ही जुने ग्राहक" असे काही घातले नाही. मजकूर एवढाच होता:

"माझ्या १०० एमबीपीएस जोडणीवर रोज रात्री नऊच्या सुमारास बाहेरील सर्व्हरकडून मिळणारा वेग ८ ते १५ पर्यंत उतरतो. १४ पैकी १३ रात्रींची नोंद सोबत आहे. एका रात्री वीज नव्हती. सर्व मोजण्या लॅन केबलने, इतर उपकरणे बंद ठेवून केल्या आहेत. त्याच वेळी आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर वेग पूर्ण मिळतो, त्यामुळे घरातील जोडणी सदोष नाही. कृपया रात्री ८ ते ११ या वेळेतील आपल्या बाहेरील लिंकचा वापर तपासावा, ती केव्हा वाढवणार ते लेखी कळवावे आणि या काळाच्या बिलात सवलत द्यावी."

पत्र ईमेलने पाठवले आणि कॉल सेंटरवरून तक्रारीचा डॉकेट क्रमांक घेतला. हा क्रमांक नसेल तर पुढची पायरी चढता येत नाही. दहा दिवसांनी संदेश आला, "तक्रार सोडवली आहे." त्या रात्री मोजले, ११ आले. मग त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी ही सोय दिली आहे. अपील ३० दिवसांच्या आत करायचे, त्याला फी नाही, आणि त्यावर ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार चालवत नाही, म्हणून थेट तिकडे लिहिण्यात दिवस जातात. अपिलातही समाधान झाले नाही तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

आम्हाला आयोगापर्यंत जावे लागले नाही. अपिलानंतर प्रथमच कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला. त्याने राउटरचे नावही काढले नाही. त्याने विचारले, "दुसरा सर्व्हर कुठला घेतला होता?" आणि मग सांगितले की आमच्या भागाची लिंक रात्री पूर्ण भरते, ती वाढवायचे काम लागले आहे. तीन आठवड्यांनी रात्रीचा वेग ६५ ते ७५ झाला. एका महिन्याच्या बिलातली निम्मी रक्कम वजा झाली. पूर्ण १०० आजही रात्री मिळत नाहीत. योजनेच्या कागदावर "पर्यंत" हा शब्द असतो, त्याच्या आडोशाला कंपनी उभी राहते. पण सनाच्या वर्गाला आणि तिच्या अब्बांच्या कॉलला ६५ पुरून उरतात.

या पत्राचा फायदा आमच्या एकट्याच्या घराला झाला नाही. लिंक सामाईक होती, त्यामुळे त्या कंपनीची लाइन घेतलेल्या गल्लीतल्या सगळ्यांचीच रात्र सुधारली. वही अजून चालू आहे, आता फक्त दर शुक्रवारी रात्री नऊची एक ओळ. ती सना लिहिते.