असंबद्ध

आपल्या लोकांत परक्या माणसाशी बोलावयाची एक ठरलेली वाट आहे. प्रथम गाव विचारावयाचे, मग आडनाव, आणि आडनावावरून हे कुळावी मंगेशाचे की शांतादुर्गेचे, ते काढावयाचे. एवढे कळले की चौथ्या वाक्याला कोणी तरी मावसभाऊ निघतो आणि संभाषण मार्गी लागते. या रीतीत आपुलकी आहे, यात शंका नाही. परंतु तीत एक झडतीही आहे. समोरचा माणूस काय बोलतो हे ऐकण्यापूर्वीच त्याला कोठे बसवावयाचे, हे आपण ठरवून मोकळे होतो. या वाटेस न जाता दोन अनोळखी माणसांना बोलता येते, हे आम्ही 2024 च्या पावसाळ्यात पुण्याहून बेळगावास येणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये पाहिले.

पहाटे अडीचच्या सुमारास निपाणीस गाडी थांबली आणि तिकीट तपासणारा एक तरुण वर चढला. वय पंचविशीच्या आतले, हाती विजेरी आणि काखेत कागदांचे बाड. त्याने प्रथम वाहकाकडून तिकिटांचे यंत्र आपल्या ताब्यात घेतले, म्हणजे मागाहून तिकीट फाडले जाऊ नये. मग त्याने माणसे मोजली. ती अडतीस भरली. यंत्राच्या हिशेबाने सदतीस असावयास हवी होती. तेव्हा एकेक तिकीट पाहणे आले. तिकीट असले म्हणजे झाले असे नसते. ते याच फेरीचे आहे ना, उतारू चढला त्याच टप्प्याचे आहे ना, हे त्यावरील क्रमांक आणि वेळ पाहून ठरवावे लागते, कारण उतरलेल्या उतारूचे तिकीट दुसऱ्याच्या हाती दिले जाण्याचे प्रकार घडतात. पुढच्या बाकावरील एका वृद्ध गृहस्थांजवळ तिकीट नव्हते. पैसे दिले आहेत, असे ते म्हणाले.

वाहक पन्नाशी उलटलेला होता. तो काही बोलला नाही. तरुणाने त्याची पिशवी मोजली. वाहकाला निघताना स्वतःजवळची रोकड नोंदवावी लागते. ती वजा जाता पिशवीत एका भाड्याएवढी रक्कम जास्त निघाली. ती त्याने टिपून घेतली आणि बेळगावपर्यंत जावयाचे म्हणून आमच्या शेजारी रिकाम्या जागेवर येऊन बसला. गाडी चालू झाली. बराच वेळ तो हातातल्या कोऱ्या अहवालाकडे पाहत होता.

"काका," तो एकाएकी म्हणाला, "ऑक्टोपसला तीन हृदये असतात, हे ठाऊक आहे तुम्हाला?"

आम्हांला ठाऊक नव्हते. परंतु घेतलेल्याची परतफेड केली पाहिजे, म्हणून आम्ही म्हणालो, "आणि तुम्ही ज्या बसमध्ये बसला आहात, तो शब्द म्हणजे नुसता एक प्रत्यय आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?"

तो आमच्याकडे वळला. आम्ही सांगितले की लॅटिन भाषेत 'ऑम्निबस' म्हणजे सर्वांसाठी. 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये वाटेल त्याला घेऊन जाणाऱ्या घोडागाड्यांना ते नाव पडले. पुढे लोकांनी 'सर्व' टाकून दिले आणि चतुर्थीच्या बहुवचनाचा प्रत्यय तेवढा ठेवला. आपल्या संस्कृतातील 'सर्वेभ्यः' मधला 'भ्यः' हा त्याच प्रत्ययाचा भाऊबंद.

"म्हणजे आपण 'साठी'मध्ये बसलोय," तो म्हणाला, आणि प्रथमच हसला.

संकेश्वर येईपर्यंत अशी देवघेव चालली. शुक्रावरचा दिवस तेथील वर्षाहून मोठा असतो, हे त्याने दिले. भारतातील पहिले छापखान्याचे यंत्र 1556 साली गोव्यात उतरले, परंतु ते मुळी निघाले होते ॲबिसिनियास, हे आम्ही दिले. यंत्रातून निघणाऱ्या तिकिटावर शाई मुळीच नसते, कागदावरचा लेप उष्णतेने काळा पडतो, म्हणून इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर ठेवलेले तिकीट सगळेच काळे होते, ही त्याच्या धंद्यातली गोष्ट. एकीचा दुसरीशी काही संबंध नव्हता. त्याने आमचे आडनाव विचारले नाही, आम्ही त्याचे गाव विचारले नाही. ही परीक्षेसाठी केलेली पाठांतरे काय, असे मात्र आम्ही विचारले. "होती परीक्षेसाठी," तो म्हणाला. "आता झोप येऊ नये म्हणून."

हिरण्यकेशीचा पूल मागे पडल्यावर तो पुन्हा गप्प झाला आणि कागदाकडे पाहू लागला. आमची पाळी होती. आम्ही वकील आहोत हे त्याला सांगितले नव्हते, तेव्हाही सांगितले नाही. केवळ आणखी एक माहिती म्हणून रतन सिंग याची हकीकत सांगितली. हा हरियाणातील एक बसवाहक. पैसे घेऊन तिकिटे दिली नाहीत, या आरोपावरून त्याची नोकरी गेली. तपासणाऱ्यांनी उतारूंचे जबाब घेतले नव्हते, म्हणून खालच्या न्यायालयांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. खात्याच्या चौकशीत साक्षीपुराव्याचे काटेकोर नियम लागू नसतात. काही विश्वसनीय पुरावा असला की पुरे, आणि तपासणाऱ्याचे सांगणे हा तसा पुरावा होऊ शकतो.

"म्हणजे उतारूचा जबाब नसला तरी चालतो?"

"चालतो."

"म्हणजे मी लिहीन तेवढंच."

आम्ही उत्तर दिले नाही. कायद्याने ज्याचे ओझे हलके केले, त्याच्या माथ्यावर ते दुसऱ्या बाजूने कसे चढते, हे त्याला आमच्याहून लवकर उमगले होते. तो उठला आणि पुढच्या बाकाशी जाऊन बसला. विजेरी दातांत धरून त्याने त्या वृद्धांचे म्हणणे शब्दशः उतरून घेतले. कोल्हापुरास पैसे दिले. कागदाची गुंडाळी संपली आहे, बदलून तिकीट देतो, असे वाहक म्हणाला. मग आपल्याला झोप लागली. मग त्याने यंत्र पाहिले. गुंडाळी खरोखरच बदललेली होती. परंतु तीवर कागलास दोन तिकिटे निघालेली होती. म्हणजे गुंडाळीची गोष्ट वाहकाच्या बाजूची आणि कागलची तिकिटे त्याच्या विरुद्ध. पैसा खिशात नव्हे तर पिशवीत सापडला, हे पुन्हा बाजूचे. पण तो तेथून पुढे कोठे गेला असता, हे कोण सांगणार? विसर पडला की मोह पडला, याचा निवाडा त्या गाडीत होणे शक्य नव्हते. तरुणाने निवाडा केलाही नाही. चारही गोष्टी त्याने एकाखाली एक लिहिल्या, वाहकास वाचून दाखविल्या आणि त्याचे म्हणणे लिहावयास खाली जागा सोडून लेखणी त्याच्या हाती दिली. वाहकाने वंटमुरीचा घाट उतरेपर्यंत लिहिले.

साक्षीपुराव्याचा 1872 चा कायदा 1 जुलै 2024 रोजी जाऊन नवा अधिनियम आला. परंतु जुन्याचे अकरावे कलम नव्यात नववे होऊन राहिले आहे. एरवी असंबद्ध असलेली वस्तुस्थिती काही प्रसंगी संबद्ध ठरते, असे ते सांगते: वादातील गोष्टीशी ती विसंगत असेल, अथवा तिच्यायोगे ती गोष्ट फार संभवनीय किंवा असंभवनीय ठरत असेल, तर. कागदाची एक गुंडाळी, एरवी कोण विचारतो? ऑक्टोपसची हृदये या कलमात बसत नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु त्यांच्यावाचून तो मुलगा शेजारच्या परक्याशी बोलला नसता, आणि आम्ही आपल्या रीतीने आडनावापासून आरंभ केला असता, तर आपल्या माणसाला सल्ला द्यावा की परक्याला देऊ नये, एवढाच विचार आमच्या मनात आला असता. त्याचे नाव आम्हांला आजही ठाऊक नाही. त्याच्या अहवालात पाचव्या ओळीसाठी जागा सोडलेली होती, एवढे ठाऊक आहे.