गुरुजींच्या वहीतील खुणा

आपल्या वसतिगृहात पाली शिकवणाऱ्या गुरुजींची हस्तलिखित वही या स्मरणिकेच्या निमित्ताने संगणकावर उतरवण्याचे काम माझ्याकडे आले. अक्षर सुवाच्य होते. मात्र विरामचिन्हे मला विस्कळीत वाटली, म्हणून पहिल्या मसुद्यात मी ती ‘नीटनेटकी’ केली. दंडांच्या जागी पूर्णविराम आले आणि अनावश्यक वाटलेली टिंबे गळाली.

तो मसुदा सायंवंदनेनंतर एका विद्यार्थ्याने वाचला. ब्रह्मविहारांच्या उताऱ्यात तो थांबला आणि म्हणाला, “गुरुजी, करुणेनंतर हे ‘पे’ म्हणजे काय?”

मूळ वही उघडली. तेथे ‘…पे॰…’ असे होते. ‘पेय्याल’ या पाली शब्दाचा हा संक्षेप; वर आलेला मजकूर येथे पुन्हा म्हणावा, असा त्याचा अर्थ. एक दिशा, मग दुसरी, तिसरी, चौथी, वर, खाली असे सर्वत्र चित्त व्यापण्याचे वर्णन मैत्रीपाशी पूर्ण येते. करुणा आणि मुदिता यांच्यापाशी केवळ ही खूण असते. उपेक्षेपाशी वर्णन पुन्हा पूर्ण येते. टिंबे काढताच पठणाची सूचना नाहीशी झाली आणि एक निरर्थक शब्द उरला. तोही काढला असता, तर करुणा व मुदिता नावापुरत्याच राहिल्या असत्या. वहीत अन्यत्र नुसती तीन टिंबेही होती. तेथे गुरुजींना पुढचा शब्द आठवला नव्हता. एक खूण ‘म्हणा’ सांगते, दुसरी ‘जागा रिकामी आहे’ असे सांगते. मी दोन्ही सारख्याच पुसल्या होत्या.

दंडांचेही तसेच झाले होते. गुरुजी गाथेतील ओळीच्या शेवटी एकेरी आणि गाथा संपताच दुहेरी दंड देत. धम्मपदाच्या बहुतेक गाथा चार चरणांच्या. पण पहिल्या दोन सहा चरणांच्या आहेत. दोन्ही दंडांचा पूर्णविराम केल्यावर पहिली गाथा कोठे संपते, हे नवख्याला कळेना. शब्द आणि अर्थ यांमधली लांब रेघ मी समासातल्या छोट्या रेघेसारखी केली होती. त्यामुळे अर्थच समासाचा भाग भासू लागला.

मग सारे पुन्हा उतरवले. प्रत्येक पानावरील दंड मोजून प्रतीतील दंडांशी ताडून पाहिले. कळफलकावरची उभी रेघ | दंडासारखी दिसते. पण संगणकाच्या लेखी ती। नव्हे, आणि दंड शोधू जाता ती सापडत नाही. ‘पे’ पुढील लाघवचिन्हाचे काही ठिकाणी शून्य झाले होते, तेही दुरुस्त केले. जे वाचता आले नाही, ते चौकटी कंसात तसे नोंदवले, म्हणजे माझी भर गुरुजींची समजली जाणार नाही. ओळी कोठे मोडतात, हे मात्र मूळाप्रमाणे राखले नाही. ते कागदाच्या रुंदीने ठरले होते, गुरुजींनी नव्हे.

त्या विद्यार्थ्याने उतारा पुन्हा वाचला. या वेळी करुणेपाशी तो थांबला, मागे गेला, आणि सर्व दिशा त्याने पूर्ण म्हटल्या.