शेणखत जातं कुठं?

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी मराठवाड्यातल्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत लागले, तेव्हा सेंद्रिय कर्ब माझ्यासाठी अहवालातला फक्त एक रकाना होता. त्या रकान्यामागे काय चालतं, हे मला दोघांनी दाखवलं: तिथले एक ज्येष्ठ सर आणि नमुने घेऊन येणारे एक शेतकरी, आमचे अण्णा.

सरांनी आधी माझा हात तयार केला. बारीक चाळलेली १ ग्रॅम माती, १० मिली पोटॅशियम डायक्रोमेट, त्यावर २० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. चंबू एकदम तापतो, तो अर्धा तास हलवायचा नाही. मग पाणी आणि इतर द्रावणं घालून फेरस अमोनियम सल्फेट थेंबथेंब सोडायचं. जांभळट निळा रंग एका थेंबात लख्ख हिरवा होतो आणि तिथे हात थांबावा लागतो. पण त्याहून जास्त वेळ सर मला मातीतली मुळं, काड्या, शेणखताचे कण चिमट्याने वेचायला लावत. "हा कर्ब अजून मातीचा झालेला नाही," म्हणत. ते काय म्हणतात हे मला अण्णांच्या एका प्रश्नामुळे उमगलं.

"मॅडम, दरवर्षी एकरी पाच टन शेणखत टाकतोय. कर्ब ०.५ च्या पुढं सरकेना. शेणखत जातं कुठं?"

मला उत्तर देता येईना. सरांनी अण्णांना बसवून घेतलं आणि कागद पुढे ओढला. एका एकरात वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण ८ लाख किलो माती असते. ०.५ टक्के म्हणजे ४,००० किलो कर्ब. आपल्या हवामानात त्यातला वर्षाला ३ टक्के जातो असं धरलं, तरी १२० किलो गेला. आता जमा. पाच टन शेणखतात निम्मं पाणी. उरलेल्या कोरड्या भागात कर्ब सहा-सातशे किलो. जीवाणू तो खातात आणि बहुतेक सगळा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो; वर्ष-दीड वर्षानं मातीच्या कणांना धरून राहतो तो शंभर-सव्वाशे किलो. जमा तेवढाच खर्च. "अण्णा, तुमचं शेणखत वाया जात नाही. ते आहे तेवढं राखतंय. थांबवलंत तर आकडा खाली येईल," सर म्हणाले. शिवाय कर्ब वाढला की त्याचा खर्चही वाढतो, म्हणून पुढची प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा महाग पडते.

मग त्यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडची गोष्ट सांगितली. तिथे एका तुकड्याला १८५२ पासून वीस वर्षं भरपूर शेणखत दिलं आणि १८७१ नंतर कायमचं बंद केलं. शंभर वर्षांनंतरही त्या मातीत शेजारच्या कधीच खत न दिलेल्या मातीपेक्षा कर्ब जास्त होता. तिथलं वर्षाचं सरासरी तापमान १० अंशांच्या आसपास, आपलं २५ च्या वर. दर १० अंशांना जीवाणूंचा वेग साधारण दुप्पट होतो. थंडी तिथे कर्बाची राखण करते; आपल्याकडे तशी थंडी नाही.

मे महिन्यात आपली जमीन भाजते, पण कर्ब तेव्हा फारसा जात नाही. ओल नसल्यामुळे जीवाणू निपचित असतात. खरी उधळण पहिल्या पावसाला होते. ऊब आणि ओल एकत्र आली की थोड्याच दिवसांत जमिनीतून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा सुटतो. त्याआधी खोल नांगरट झालेली असेल, तर ढेकळांच्या आत चिकणमातीनं झाकून ठेवलेला जुना कर्बही उघडा पडलेला असतो. वर्षानुवर्षं साठलेलं असं काही हंगामांत जातं.

त्यानंतर अण्णांनी दरवर्षीची नांगरट सोडली. तुरीचे बुडखे आणि मुळं जमिनीतच ठेवली, पऱ्हाटी जाळण्याऐवजी बारीक करून पसरली. मुळांतून येणारा कर्ब वरच्या काडीकचऱ्यापेक्षा जास्त टिकतो, हे मला तेव्हाच समजलं. तणांचा त्रास वाढला, तेही त्यांनी सांगितलं. कर्बाचा आकडा दुसऱ्या वर्षी हललाच नाही. बऱ्याच वर्षांनी तो ०.६ च्या जवळ गेला. त्या दिवशी सरांनी मला चंबू पुन्हा लावायला सांगितला, कारण एवढा फरक नमुना चार हात इकडेतिकडे घेतल्यानंही पडतो. दुसऱ्यांदाही तोच आकडा आला.

शेतकऱ्याला अहवाल देताना मी आजही सांगते ते या दोघांचंच आहे. नमुना तीन-चार वर्षांनी घ्या, त्याच जागेवरून, त्याच महिन्यात, तेवढ्याच खोलीवरून, आणि खत टाकल्यावर लगेच घेऊ नका. मध्ये आकडा स्थिर दिसला तर शेणखत बंद करू नका.