फूटपट्टीने लिहिलेली जाहिरात

कोथरूडमधल्या एका इस्टेट एजंटसाठी मी भाड्याच्या फ्लॅटच्या जाहिराती लिहिते. घरमालक स्वतः लिहून पाठवतात तो मजकूर बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. परवाचाच घ्या: ‘पौड रोडलगत प्रशस्त, हवेशीर, आलिशान वन बीएचके. ५५० चौ. फूट. मेट्रो हाकेच्या अंतरावर. २४ तास पाणी. लवकर संपर्क साधा.’ या मजकुरातलं घर डोळ्यांपुढे आणून बघा. काहीच दिसत नाही. हेच शब्द शेजारच्या इमारतीला लावले तरी चालतील.

अशा मजकुरातला एकेक शब्द म्हणजे मला एकेक प्रश्न वाटतो, आणि त्याचं उत्तर जागेवर जाऊनच मिळतं. सोबत मोजपट्टी नेते आणि शक्यतो दुपारी तीननंतर जाते, कारण सकाळी सगळीच घरं छान वाटतात.

आधी ‘प्रशस्त’. हॉल दहा बाय चौदा, बेडरूम दहा बाय नऊ, स्वयंपाकघर सात बाय आठ. न्हाणीघर, संडास आणि पॅसेज धरून बेरीज साडेतीनशेच्या आत-बाहेर येते. मग ५५० कुठून आले? जुन्या करारातला तो सुपर बिल्टअप आकडा. त्यात बाहेरच्या भिंती आणि जिन्याचा वाटा धरलेला होता. २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या ठरवून दिली आहे. त्यात घरातल्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. भाडेकरूला मात्र चौरस फुटांपेक्षा आपला पलंग मावेल का, याची काळजी असते. म्हणून मी तेच मोजते. नऊ फुटांच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट लावलं, की समोर आठ फूट उरतात. सव्वासहा फूट लांबीचा डबल बेड समोरच्या भिंतीला डोकं करून ठेवला, तर कपाट आणि पायथा यांत पावणेदोन फूट राहतात. कपाटाचं दार उघडतं, पण उघडताना माणसाला बाजूला सरकावं लागतं. जाहिरातीत हे एका ओळीत बसतं: ‘बेडरूममध्ये डबल बेड आणि एक कपाट मावतं, अभ्यासाचं टेबल मावत नाही.’ घरून काम करणारा माणूस ही ओळ वाचूनच ठरवतो, आणि त्याची एक खेप वाचते.

‘हवेशीर’चं उत्तर खिडक्यांत असतं. इथे हॉलची खिडकी पश्चिमेला आणि स्वयंपाकघराची पूर्वेला आहे. मधलं दार उघडं ठेवलं तर वारा खरंच आरपार वाहतो, तेव्हा हा शब्द मी ठेवला. पण उन्हाळ्यात चारच्या सुमाराला हॉलमध्ये ऊन थेट सोफ्यापर्यंत येतं. तेही लिहिलं.

‘२४ तास पाणी’ या शब्दांवर मी कधीच विसंबत नाही. वॉचमनला विचारलं. महापालिकेचं पाणी सकाळी येतं, ते खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत चढवतात, म्हणून नळाला दिवसभर असतं. एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो. त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की भाडेकरूने वेगळा द्यायचा, हे मालकांकडून वदवून घ्यावं लागलं, कारण भांडणं नेमकी इथेच होतात.

‘हाकेच्या अंतरावर’ हे मी गेटपासून स्टेशनच्या जिन्यापर्यंत चालून बघितलं. अकरा मिनिटं लागली. त्यातली दोन-तीन पौड रोड ओलांडण्यात गेली.

मालक सत्तरीचे. मसुदा वाचून म्हणाले, “ताई, तिसरा मजला, लिफ्ट नाही, हे तुम्ही पहिल्याच ओळीत टाकलंत. मग येणार कोण?”

मी म्हटलं, “काका, ज्यांना तीन जिने चालतील तेच येतील. बाकीचे वर येऊन, धापा टाकत, ‘कळवतो’ म्हणून जातात. ते तुम्हालाही माहीत आहे.”

त्यांना ते पटलं. अडलं ते एका वाक्यावर. हॉलच्या खिडकीखाली रंगाचे पोपडे सुटले होते आणि वर पांढरट क्षार जमले होते. मार्चमध्ये भिंत कोरडी असली तरी पावसाळ्यात ओल झिरपत असल्याची ही खूण. मी लिहिलं होतं: ‘पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते.’ काकांना ते छापायचं नव्हतं, आणि ते गाळून जाहिरात द्यायला मी तयार नव्हते. अकरा महिन्यांचा करार मार्चमध्ये झाला, तरी सगळा पावसाळा भाडेकरूच्याच वाट्याला येणार. शेवटी त्यांनी मिस्त्री बोलावला. खिडकीच्या चौकटीभोवतीची भेग बाहेरून भरून घेतली, छज्ज्यावर वॉटरप्रूफिंग केलं, आतून पोपडे खरवडून रंग लावला. मग मी ते वाक्य बदललं: ‘पश्चिमेच्या भिंतीला ओल येत होती, यंदा मार्चमध्ये बाहेरून दुरुस्ती केली आहे. पावसाळ्यात पुन्हा ओल आली तर दुरुस्ती मालकाच्या खर्चाने.’ शेवटचा भाग काकांनी स्वतः सांगून घालायला लावला, आणि तोच पुढे करारातही आला.